करंट मिररचा करंट स्थिर राहत नाही, कॅस्कोड लावू का?

उतरता_रॅम्प:
सरळ रेषेत उतरणारा रॅम्प बनवतोय. १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर १० व्होल्टपर्यंत चार्ज करायचा आणि करंट मिररने १ व्होल्टपर्यंत उतरवायचा, एवढंच. मिररला दोन बीसी५४७बी, एकाच पट्टीतून तोडलेले. १२ व्होल्ट सप्लाय, रेफरन्सला ११ के, म्हणजे १.०३ मिलिअँप.

आउटपुटला १ व्होल्ट असताना मीटर १.०४ दाखवतो. १० व्होल्ट दिले की आधी १.१७, मग आकडा हळूहळू चढत अर्ध्या मिनिटात १.३७ वर थांबतो. स्कोपवर मात्र रॅम्पच्या वरच्या टोकाचा उतार खालच्यापेक्षा १३ टक्केच जास्त दिसतो. मीटर खरा की स्कोप? आणि कॅस्कोडने हे सुटेल का? ब्रेडबोर्डवर जागा कमी आहे, म्हणून आधी विचारतोय.

दिवेलागण:
स्थिर करंटच हवा असेल तर एवढा उपद्व्याप कशाला? एलएम३१७ घ्या, १.२५ भागिले रेझिस्टर, झाला करंट. आमच्या देवघरातली एलईडी पट्टी चार वर्षं त्यावरच चालू आहे.

उतरता_रॅम्प:
दादा, मला करंट कपॅसिटरमधून खाली खेचायचाय आणि तोही १ व्होल्टपर्यंत. ३१७ ला स्वतःलाच तीनेक व्होल्ट लागतात, शिवाय १ मिलिअँपवर तो धड चालत नाही.

सिलिकॉन_चिवडा:
कॅस्कोड लाव, डोळे मिटून. आम्ही लॅबमध्ये १८० नॅनोमीटरला साधा मिरर सिम्युलेट केला तेव्हा असंच झालं होतं. कॅस्कोड केल्यावर आउटपुट रेझिस्टन्स जीएम गुणिले आरओ इतक्या पटींनी वाढला आणि करंट रेफरन्सशी तंतोतंत जुळला. अ‍ॅक्युरसी, मिसमॅच, सगळं एका दगडात.

जुना_सोल्डर:
चिवडा, सिम्युलेटरमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर जुळे भाऊ असतात, म्हणून तुझा करंट तंतोतंत जुळला. ब्रेडबोर्डवर तसं नसतं. त्याकडे येतो.

रॅम्पवाल्या, तुझा मीटरही खरा आणि स्कोपही खरा. दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींवर चढल्यात.

पहिली, अर्ली इफेक्ट. कलेक्टरचं व्होल्टेज वाढलं की बेसची परिणामकारक रुंदी कमी होते आणि त्याच व्हीबीईला जास्त करंट वाहतो. हे तत्काळ घडतं. १.०४ वरून १.१७ म्हणजे साडेबारा टक्के. यावरून अर्ली व्होल्टेज ७० च्या आसपास निघतं: (७० + १०) भागिले (७० + १) केलंस की १.१२७. म्हणजे १ मिलिअँपला आउटपुट रेझिस्टन्स ७० के. स्कोपवर दिसणारे १३ टक्के हेच.

दुसरी, उष्णता. १० व्होल्टला आउटपुटचा ट्रान्झिस्टर १३ मिलिवॅटच्या आसपास खातो, १ व्होल्टला जेमतेम एक. त्या प्लॅस्टिकच्या टोपीत एका वॅटला साधारण २०० अंश चढतात, म्हणजे हा सव्वादोन-अडीच अंशांनी तापला. त्याचा जोडीदार थंडच. बेस-एमिटर व्होल्टेज तेच ठेवून ट्रान्झिस्टर एक अंश तापला की करंट सात-आठ टक्के वाढतो. १.१७ चे १.३७ झाले ते असे. तुझा रॅम्प नऊ मिलिसेकंदांत संपतो, तेवढ्यात तापमान मागेपुढे व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून स्कोपला ही दुसरी गोष्ट दिसत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. व्होल्टेज बदलताक्षणी आकडा उडी मारतो तो अर्ली, नंतर रेंगाळत चढतो ती उष्णता. खात्री करायची तर आउटपुटच्या ट्रान्झिस्टरला चिमटीत धर, आकडा पळेल.

कॅस्कोड या दोन्हींवर चालतो. खालच्या दोघांच्या डोक्यावर आणखी दोन बसवलेस की खालच्या दोन्ही कलेक्टरांवर ०.६५ च्या आसपासच व्होल्टेज राहतं, वर काहीही होवो. अर्लीला फरक मिळत नाही आणि तापायलाही काही उरत नाही. १० व्होल्टचा मार वरचा ट्रान्झिस्टर खातो. तो तापला तरी बिघडत नाही, कारण करंट किती हे खालचा ठरवतो, वरचा फक्त पुढे सोडतो. आउटपुट रेझिस्टन्स साधारण अर्धा बीटा गुणिले आरओ: बीटा ३०० धरला तर १५० गुणिले ७० के, दहा मेग.

आता मिसमॅच. आउटपुटला वेगळ्या पट्टीतला बीसी५४७ लाव, १ व्होल्टला माप आणि इथे सांग.

उतरता_रॅम्प:
लावला. ०.९३! काहीच बदललं नाही, फक्त ट्रान्झिस्टर.

जुना_सोल्डर:
हे पावणेतीन मिलिव्होल्टच्या फरकाने झालं. हा दोष कॅस्कोडने जात नाही, तो तळातल्या जोडीचा आहे. खालच्या दोन्ही एमिटरांत ४७०-४७० ओहम टाक. मग पावणेतीन मिलिव्होल्ट हे ४७० मिलिव्होल्टपुढे किरकोळ, चूक अर्ध्या टक्क्यावर येते. मात्र रेझिस्टर मीटरवर जुळवून घे, नाहीतर त्यांचाच एक-एक टक्का आत शिरेल.

सिलिकॉन_चिवडा:
मान्य, मिसमॅच माझ्या डोक्यातच आला नाही. पण बेस करंटची चूक तरी जाते ना?

जुना_सोल्डर:
उलट. साध्या मिररला ती दोन भागिले बीटा, कॅस्कोडला जवळपास चार भागिले बीटा, कारण वरचे दोघेही बेसमधून आपला वाटा उचलतात. बीटा ३०० ला १.३ टक्के. मॉसफेटला गेटचा करंटच नाही, म्हणून तुला हे कधी दिसलं नाही.

त्रिकूट:
म्हणून मी विल्सन लावतो. तीन ट्रान्झिस्टर, आउटपुट रेझिस्टन्स कॅस्कोडइतकाच आणि बेस करंटची चूक जवळजवळ शून्य. टेक्ट्रॉनिक्सच्या जॉर्ज विल्सनने १९६७ मध्ये काढलेला, अजून तोड नाही.

जुना_सोल्डर:
तीनच्या विल्सनमध्ये खालच्या दोघांच्या कलेक्टरांत एका व्हीबीईचा फरक उरतो. ७० च्या अर्लीला तो एक टक्का. चौथा टाकलास की जातो, पण मग ट्रान्झिस्टर वाचले कुठे? शिवाय त्यात फीडबॅक आहे, जलद सिग्नलला मी तो रिंग होताना पाहिलाय.

त्रिकूट:
माझा कधी झाला नाही. लेआउट नीट ठेवावा लागतो, काका.

उतरता_रॅम्प:
आधी एमिटर रेझिस्टर न टाकता, जुन्याच जोडीवर कॅस्कोड लावून पाहिला. २ व्होल्टपासून १० पर्यंत ०.९६, शेवटचा अंक मधूनच एकाने हलतो. थांबून पाहिलं, चढत नाही. पण १.०३ चे ०.९६ का झाले?

जुना_सोल्डर:
रेफरन्सच्या बाजूला आता दोन व्हीबीई आहेत. १२ वजा १.३ भागिले ११ के, ०.९७. त्यातून तो १.३ टक्का गेला. रेफरन्सचा रेझिस्टर १० के कर आणि मालिकेत १ के चा प्रीसेट ठेव. ४७० टाकल्यावरही त्यावरच जमवता येईल. आणि आउटपुट ०.९ व्होल्टच्या खाली नेऊ नकोस, तळातल्याचे ०.६५ आणि वरच्याला सॅच्युरेशनबाहेर राहायला पाव व्होल्ट तरी लागतो. ४७० टाकलेस की ही मर्यादा अर्ध्या व्होल्टने वर सरकेल, म्हणजे १ व्होल्टपर्यंत उतरता येणार नाही. तुला टोकाचा आकडा हवाय की फक्त सरळ रेषा, ते ठरव.

उतरता_रॅम्प:
रेषा सरळ हवी, आकडा प्रीसेटने लावीन. म्हणजे ४७० नकोत. पण स्कोपवर अजून एक टक्का वाक दिसतोच, वर जास्त उतार, खाली कमी. दहा मेगला इतका यायला नको ना?

त्रिकूट:
प्रोब एकपटीवर आहे का? मग कपॅसिटरला समांतर एक मेग लावलाय तू. १० व्होल्टला तो एकटाच १० मायक्रोअँप खेचतो, १ व्होल्टला एक.

उतरता_रॅम्प:
एकपटीवरच होता. दहापटीवर केला, वाक आता डोळ्यांना दिसत नाही.