बाळंतिणीला सेप्सिसचा संशय: जागा सापडेपर्यंत अँटिबायोटिक थांबवायचं का?

रेसिडेंट, उपनगरातलं प्रसूतिगृह: २७ वर्षांची बाई, नॉर्मल डिलिव्हरीचा दुसरा दिवस. नाडी १२८, श्वास मिनिटाला २८, बीपी ९६/५८, ताप ९९.२. ओटीपोट खूप दुखतंय, दोनदा जुलाब झालेत. स्रावाला वास नाही, टाके स्वच्छ. सीनियर म्हणतात, आधी सोनोग्राफी आणि सीबीसी येऊ दे, इन्फेक्शन कुठे आहे कळल्याशिवाय अँटिबायोटिक नको. तुमचं मत काय?

सूक्ष्मजीवतज्ज्ञ, दादर: सीनियरांची काळजी अगदी अनाठायी नाही. नाडी वाढली की मेरोपेनेम, ही सवय आपल्याला महागात पडते आहे. रक्तस्राव, अ‍ॅनिमिया, वेदना, फुफ्फुसातली गुठळी, कशानेही नाडी वाढते. शॉक नसेल तर तपासायला तीन तास घ्यायची मुभा २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. ताप नाही, वास नाही, मग एवढी घाई का?

गिरगावकर: माझ्या वहिनीला तिसऱ्या दिवशी ताप आला होता. सगळे म्हणाले, दूध उतरल्याचा ताप आहे. खरंच छाती दगडासारखी झाली होती, दोन दिवसांत उतरला. उगाच घाबरू नका.

सिस्टर, प्रसूती वॉर्ड: दादा, तुमच्या वहिनींना ताप होता, ही केस वेगळी आहे. रेसिडेंट ताई, चार्ट बघा, दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल दिलंय का? दिलं असेल तर ९९.२ वर विसंबू नका. आणि आधीच्या पाळीत श्वासाची नोंद काय आहे? घाईत सगळ्या बायकांपुढे १८ लिहिलं जातं, हे मी रोज बघते. तुम्ही पूर्ण मिनिट मोजून २८ आणलेत, तोच आकडा खरा धरा.

रेसिडेंट: पॅरासिटामॉल दोन तासांपूर्वी दिलंय. आधीचे सगळे श्वास १८. सकाळी डिस्चार्ज ठरला होता.

आयसीयूवाला, परळ: दादरच्या मॅडम, ते तीन तास इन्फेक्शन आहे की नाही याची शंका असेल तेव्हाचे. इथे शंका इन्फेक्शन *कुठे* आहे याची आहे. दुसऱ्या दिवशी इतकी नाडी, इतका श्वास, उतरतं बीपी आणि तपासताना सापडतं त्याहून जास्त पोट दुखणं, वर जुलाब. हे अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस वाटायला पुरेसं आहे. त्यात स्रावाला बहुतेकदा वास नसतो आणि जुलाबामुळे गॅस्ट्रोचं लेबल लागतं. सीबीसीवर थांबू नका, बाळंतपणानंतर पांढऱ्या पेशी तशाही १५-२० हजार दिसतात. उलट त्या चार हजारांच्या खाली गेल्या तर जास्त घाबरा.

क्रम असा ठेवा. दोन वेगवेगळ्या शिरांतून ब्लड कल्चर, योनीतला स्वॅब, लघवीचा नमुना. कल्चरच्या बाटल्या नसतील तर त्यासाठी डोस अडवू नका. अ‍ॅलर्जी विचारा, मग पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम आणि सोबत क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम. स्ट्रेप्टोकोकस विष बनवून सोडत राहतो आणि ते विष तयार होणं क्लिंडामायसिन थांबवतं, म्हणून ते आवर्जून. सलाईन ५०० मिली करत द्या, दर वेळी छाती ऐका. बीपी उचलत नसेल तर पुढच्या लिटरऐवजी नॉरअ‍ॅड्रेनालिन. कॅथेटर घालून दर तासाची लघवी मोजा.

पहिला डोस गेल्यावरच १०८ ला बसवा, हायवेवरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. आणि बाळाच्या डॉक्टरांना आत्ताच कळवा.

सूक्ष्मजीवतज्ज्ञ, दादर: पॅरासिटामॉलची नोंद आणि मिनिटभर मोजलेला श्वास बघून माझं मत बदललं. पहिला डोस लगेच द्या. निवडीवर मात्र मी अडते. आपल्याकडे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांत सेफ्ट्रायक्झोनला दाद न देणारे खूप. तिला शॉक आला तर पिप-टॅझोवर माझा विश्वास नाही, मेरोपेनेमच. पण ४८ तासांत कल्चर बघून कमी करायचंच, ते कुणी करत नाही हे माझं दुखणं आहे.

आयसीयूवाला, परळ: शॉकमध्ये मेरोपेनेम, मान्य. आत्ता तिला मी अजून पिप-टॅझोच देईन. मात्र इंजेक्शनवर सगळं सोडू नका. गर्भपिशवीत वारेचा तुकडा राहिला असेल तर तो काढेपर्यंत कोणतंच औषध पुरं पडणार नाही. ती जरा सावरली की ६ ते १२ तासांच्या आत काढायचा.

रेसिडेंट: सोनोग्राफीत पिशवीत काहीतरी दिसतंय. गुठळी की वार, सांगता येत नाही. डोस सुरू केलाय.

सूक्ष्मजीवतज्ज्ञ, दादर: दुसऱ्या दिवशी पिशवीत गुठळी कुणालाही दिसते. रक्तप्रवाह दिसला तर वारेचा संशय वाढतो, न दिसल्याने वार नाही असं ठरत नाही. मी असते तर सुधारणा बघून ठरवलं असतं.

आयसीयूवाला, परळ: मी वाट बघणार नाही. सलाईन आणि औषध देऊनही नाडी उतरली नाही, लघवी तासाला ३० मिलीच्या खाली राहिली तर पिशवी उघडून बघा. पावसाळा आहे, मलेरिया आणि लेप्टोचे नमुनेही पाठवा, पण त्यांच्या रिपोर्टसाठी पिशवीचा निर्णय पुढे ढकलू नका.