चकल्या तळल्यानंतर तेल तपकिरी झाले आहे. त्यात शंकरपाळे तळावेत का?

वर्षा_रा
परवा दीड किलो भाजणीच्या चकल्या तळल्या. लोखंडी कढईत दोन लिटर शेंगदाणा तेल घेतले होते, त्यातले सुमारे सव्वा लिटर उरले आहे. तळण जवळजवळ दोन तास चालले. सुरुवातीला फिकट पिवळे असलेले तेल आता कोऱ्या चहासारखे दिसते, पण वास चांगला आहे. याच तेलात शंकरपाळे तळावेत की नाही, हे नुसत्या रंगावरून ठरवता येईल का?

माधव_नाशिक
माझा नियम सोपा आहे. तेल सोनेरी असेपर्यंत वापरावे, काळे पडले की टाकून द्यावे. मी प्रत्येक तळणीनंतर कढईत थोडे ताजे तेल घालतो, त्यामुळे ते काळे पडतच नाही.

सुलभा_ताई
वर्षा, चकल्या काळपट झाल्या असतील तर आच मोठी झाली असणार. भाजणीत मोहन किती घातले होते?

वर्षा_रा
सुलभाताई, चकल्या छान झाल्या आहेत. प्रश्न उरलेल्या तेलाचा आहे.

तळणघर
मी फरसाणाच्या कारखान्यात तेल तपासण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. माधवरावांचा पहिला नियम अर्धा बरोबर आहे, कारण काळपट झालेले तेल बहुधा वाईटच असते. मात्र सोनेरी तेल चांगलेच असेल, असे म्हणता येत नाही. ताजे तेल घातल्याने रंग फिका होतो, पण आधीच्या तळणीत बिघडलेला भाग कढईत तसाच राहतो. कारखान्यात पदार्थ इतके तेल शोषतात की ताज्याची भर सतत पडून जुने तेल लवकर संपते आणि तिथे ही पद्धत चालते. घरी पंधरा दिवसांनी एकदा तळण करणाऱ्याला तिचा तसा उपयोग नाही.

वर्षाताई, तुमच्या तेलाला रंग तीन कारणांनी आला असावा. तिखट आणि हळदीचा रंग तेलात उतरतो; त्याने तेल लालसर होते, पण त्याचा अर्थ ते बिघडले असा नाही. चकलीचे तुटलेले काटे आणि भाजणीची भुकटी तळाशी करपते; त्याने तेल गढूळ तपकिरी दिसते, आणि तो गाळ तसाच राहिला तर पुढच्या तळणीत आणखी करपून तेलाला कडवट चव देतो. तिसरे कारण मात्र खरे बिघाडाचे असते. उष्णता, हवा आणि पदार्थातून सुटणारी वाफ यांमुळे तेलाचेच विघटन होते, मग ते गडद होण्याबरोबर दाटही होते.

काळ्या कढईत खोल तेल नेहमीच गडद दिसते. म्हणून तेल पूर्ण निवल्यावर दुहेरी मलमलीतून गाळा, रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचे तेल अलगद ओता. मग दोन पांढऱ्या वाट्यांत बोटाच्या एका पेराइतके हे तेल आणि तितकेच ताजे तेल शेजारी ठेवून उजेडात पाहा.

रेवती_पुणे
माझे उलटे झाले. रिफाइंड सूर्यफूल तेलात महिन्याभरात चार वेळा पुऱ्या तळल्या. रंग जवळजवळ ताज्यासारखाच होता, पण कढईच्या काठावर चिकट पिवळा थर बसू लागला आणि शेवटच्या वेळी पुरीभोवतीचा फेस विरेचना.

तळणघर
ते तेल टाकायलाच हवे होते. पुरीत मसाला नसल्यामुळे रंग फारसा चढत नाही, आणि शेंगदाण्यापेक्षा सूर्यफुलाचे तेल सहसा लवकर बिघडते. चिकट थर, न विरणारा बारीक फेस आणि तळणीच्या आचेआधीच निघणारा धूर, या खुणा रंगापेक्षा भरवशाच्या आहेत. आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून तेलातील टोटल पोलर कंपाउंड्सचे, म्हणजे तेलाच्या विघटनातून तयार होणाऱ्या संयुगांचे, प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे. ते प्रमाण मोजावे लागते, डोळ्यांना दिसत नाही.

वर्षा_रा
आज सकाळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाहिले. तळाशी चमचाभर काळपट गाळ बसला होता. वरचे तेल वाटीत ताज्यापेक्षा लालसर दिसले, पण इतके स्वच्छ की वाटीच्या तळावरची नक्षी स्पष्ट दिसत होती. तापवल्यावर धूर आला नाही. पिठाचा तुकडा सोडला तेव्हा मोठे बुडबुडे येऊन लगेच फुटले. शंकरपाळे तळले. रंग नेहमीपेक्षा किंचित गडद आला आणि ओव्याचा मंद वास लागला आहे.

तळणघर
मग आता हे तेल पुन्हा तळणीला घेऊ नका. शंकरपाळ्यांतली साखर तळाशी करपलेली असेल, म्हणून पुन्हा गाळा आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा.

माधव_नाशिक
ताजे तेल न घालता प्रत्येक वेळी नीट गाळले, तर घरी तेच तेल किती वेळा चालेल?

तळणघर
अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला असा, की शक्यतो पुन्हा तापवू नये आणि टाळता येत नसेल तर जास्तीत जास्त तीन वेळा. गाळल्याने करपलेले कण जातात, विघटन झालेला भाग जात नाही. पंधरा मिनिटांचे पापड आणि दोन तासांच्या चकल्या यांना एकच आकडा कसा लावायचा, याचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. चकल्यांइतकी लांब तळण असेल, तर मी स्वतः दुसऱ्या वेळेपुढे जात नाही.