मदत हवी आहे : फोटोवर हाताने लिहिलेल्या मापांवरून फरशीच्या टाइल्स किती लागतील?

मी पुण्यात राहतो. नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या घरी एका खोलीची जुनी मोझॅकची फरशी काढून दोन बाय दोनच्या टाइल्स बसवायच्या आहेत. वडिलांनी खोलीचा फोटो काढून त्यावर पेनाने इंग्रजी आकड्यांत मापे लिहून पाठवली आहेत. एका भिंतीवर 12.6 आहे, दुसऱ्या भिंतीवर मात्र मला 10'11 दिसते, तर पत्नीच्या मते ते 10'1" असून शेवटच्या दोन रेघा इंचाची खूण आहेत. दुकानदार चौरस फूट विचारतो आहे. किती पेट्या सांगाव्यात?

रंगरेषा : आमच्या धरमपेठेतील घरी भिंतींचे क्षेत्रफळ काढून दारे-खिडक्या वजा केल्या आणि दोन हातांचा हिशेब धरला. खोलीची उंची कळवल्यास सांगता येईल.

प्रश्नकर्ता : ताई, प्रश्न रंगाचा नसून फरशीचा आहे.

जुनामिस्त्री : फोटोत लांबची बाजू आखूड दिसते, त्यामुळे पट्टी लावून माप काढू नका; मात्र जुन्या लाद्या मोजता येतात. दोन्ही भिंतींलगत किती आहेत, आणि एका लादीचे माप किती, हे कळवा.

प्रश्नकर्ता : बाबांनी लादी मोजली, ती दहा इंची आहे. 12.6 च्या भिंतीलगत बरोबर पंधरा, तर दुसरीकडे तेरा लाद्या आणि शेवटी एक बारीक चीप.

जुनामिस्त्री : म्हणजे पहिली बाजू १५० इंच, अर्थात १२ फूट ६ इंच, तो बिंदू दशांशाचा नव्हे. दुसरी सुमारे १३१ इंच, म्हणजे १० फूट ११ इंच. तुमचे वाचन बरोबर ठरले.

हिशेबी : क्षेत्रफळ साधारण १३६.५ चौरस फूट झाले. दोन बाय दोनची टाइल प्रत्यक्षात ६०० मिमी, म्हणजे सुमारे २३.६ इंचांची असते, त्यामुळे चार टाइल्सची पेटी १५.५ चौरस फूट भरते. दहा टक्के घट धरली तरी दहा पेट्या पुरतात.

जुनामिस्त्री : जमिनीपुरते ते ठीक आहे, पण टाइल्स मांडून पाहा. एका बाजूस सहा अखंड आणि आठ इंचांची पट्टी, दुसरीकडे पाच अखंड आणि तेरा इंचांची पट्टी येते. तेरा इंची पट्टी एका टाइलमधून एकच निघते, परंतु तिच्या उरलेल्या तुकड्यांतून आठ इंची पट्ट्या भागतात. म्हणून छत्तीस टाइल्स. चार इंची स्कर्टिंग याच टाइलची करायची असेल, तर दार वगळून आणखी पाच लागतात. तुटफुटीस दोन-तीन धरल्या की अकरा पेट्या होतात. सर्व पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच पाहा. नंतर आणलेल्या पेटीची छटा जुळत नाही.

प्रश्नकर्ता : स्कर्टिंगचे बाबांना विचारावे लागेल. शिवाय फोटोत कपाटामागची जागा दिसत नाही.

जुनामिस्त्री : कपाट हलवून समोरच्या भिंतीही मोजायला सांगा, आणि खोलीचे दोन्ही कर्णही. कर्णांत इंचभराहून जास्त फरक निघाला, तर पट्ट्या तिरक्या कापाव्या लागतील आणि माझा छत्तीसचा आकडा टिकणार नाही.