रेट लॉ की इक्विलिब्रियम? गणित वाचून कसं ओळखायचं, मदत हवी आहे

मी सोलापूरचा, सीईटी परत देतोय. केमिस्ट्रीत एकच गोंधळ लई होतोय, दोन्हीकडं "सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन" दिलेलं असतं आणि मी बघताच चुकीचा फॉर्म्युला लावतो. म्हणून जुने पेपर काढून नुसतं दिलेला डेटा कसा लिहिलाय तेवढंच वाचत बसलो.

2NO + Cl2 वाल्यात NO 0.1 वरून 0.2 केलं, Cl2 तेवढंच ठेवलं आणि रेट चौपट झाला असं दिलं होतं, म्हणजे NO ची ऑर्डर 2. उलट H2 + I2 मध्ये 1 लिटरच्या भांड्यात दोन्ही 1-1 मोल, "समतोलाला HI 1.56 मोल". मग H2, I2 प्रत्येकी 0.22 उरले, Kc = 1.56²/0.22², साधारण 50. इथं घात समीकरणातून घ्यायचे, रेट लॉमध्ये प्रयोगातून, तिथंच मी आपटतो.

म्हणून ठरवलं, सेकंद किंवा मिनिट दिसलं की रेट लॉ. पण काल एकात kf 0.02 आणि kb 0.005, दोन्ही s⁻¹ मध्ये, आणि विचारलं K किती! उत्तर 4, नुसता भागाकार. माझी खूण तिथंच फसली.

मग वेळेच्या युनिटपेक्षा पक्की खूण कुठली धरता तुम्ही?