प्रतिसाद: पदवी आणि परिषदेची नोंद

‘रेडिओलॉजिस्टचं पदवी प्रमाणपत्र जोडलं, तरी अर्जात त्रुटी का काढली?’

आपले सोनोग्राफी केंद्र गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवावे लागते, आणि ‘नमुना अ’ या नोंदणी अर्जासोबतच्या कागदांत पदवीइतकीच महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंद पाहिली जाते. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात डॉक्टरांची एमडी पदवी अस्सल होती, पण परिषदेच्या प्रमाणपत्रावर फक्त एमबीबीएस लिहिलेले होते, कारण अतिरिक्त अर्हतेची नोंद करायची राहून गेली होती. कागदोपत्री ते रेडिओलॉजिस्ट नव्हतेच. म्हणून आधी परिषदेकडे ती नोंद करून घ्यावी. नोंदणीच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाची तारीखही त्याच वेळी पाहून घ्यावी, कारण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावरही हमखास बोट ठेवले जाते.

दुसरे असे की, एक डॉक्टर एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करू शकतात, त्यामुळे त्यांची अन्य केंद्रे कोणती आणि तिथल्या वेळा काय, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. पुढे डॉक्टर बदलणार असतील, तर नियम १३ प्रमाणे तीस दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्यांना कळवावे लागते. नवे डॉक्टर रुजू झाल्यावर दिलेले पत्र चालत नाही.