‘फेरतपासणी’ की ‘पुनर्विश्लेषण’? विदासंच मागताना कोणता शब्द वापरावा

नीलिमा (नागपूर): काटोल-नरखेड भागातील संत्र्याच्या आंबिया बहारात होणाऱ्या फळगळीचा मी अभ्यास करते. एका संशोधकांनी शोधनिबंधासोबत विदासंच प्रसिद्ध केला आहे, पण त्यात प्रत्येक बागेची फक्त सरासरी दिलेली आहे आणि मला त्यामागच्या झाडनिहाय नोंदी हव्या आहेत. ईमेलच्या मसुद्यात मी लिहिले होते, “आपल्या विदासंचाची फेरतपासणी करण्यासाठी मूळ नोंदी मिळाव्यात, योग्य ते श्रेय देण्यात येईल.” माझ्या मार्गदर्शकांनी ‘फेरतपासणी’ आणि ‘योग्य ते श्रेय’ यांखाली रेघ ओढून मसुदा परत दिला. या शब्दांत नेमके काय खटकते?

मंदाताई: मुलीच्या उत्तरपत्रिकेसाठी मी फेरतपासणीचाच अर्ज केला होता आणि तिचे चार गुण वाढले. त्यासाठी छापील नमुना असतो, तो मिळवून भरून द्यावा.

विनायकराव: मंदाताई, नीलिमाताईंचा प्रश्न वेगळा आहे, पण तुमच्या उदाहरणातच त्याचे उत्तर सापडते. आधीच्या तपासणीत चूक राहिली असावी असे वाटल्याशिवाय कोणी फेरतपासणी मागत नाही. त्यामुळे हा शब्द वाचताच आपल्या मोजणीवर शंका घेतली जात आहे, असे संशोधकांना वाटेल. त्याच नोंदी वेगळ्या पद्धतीने अभ्यासायच्या असतील, तर ‘पुनर्विश्लेषण’ हा शब्द नेमका बसतो. मात्र त्याच्या धर्तीवर ‘पुनर्परीक्षण’ लिहू नये. ‘व’ आणि ‘भ’ यांसारख्या मृदू व्यंजनांपूर्वी विसर्गाचा रफार होतो, ‘प’पूर्वी होत नाही, म्हणून ‘पुनःपरीक्षण’ हे रूप शुद्ध आहे.

सचिन: विदासंच CC BY 4.0 परवान्याखाली प्रसिद्ध झाला असेल, तर परवानगी मागण्याचे कारणच नाही. खाली ‘सौजन्य’ म्हणून संशोधकांचे नाव टाकले की झाले.

प्रज्ञा: परवान्याचे म्हणणे प्रसिद्ध झालेल्या संचापुरते बरोबर आहे, पण झाडनिहाय नोंदी प्रसिद्धच झालेल्या नाहीत, त्यामुळे तो परवाना त्यांना आपोआप लागू होत नाही. ‘सौजन्य’ हा छायाचित्राखालचा शब्द आहे. नोंदी कोणी घेतल्या आणि वाचकाला त्या कुठे सापडतील, हे त्यातून कळत नाही.

नीलिमा, पुनर्विश्लेषण कशासाठी हेही एका वाक्यात सांगा. समजा, 12 बागांमधून प्रत्येकी 10 झाडे घेतली आहेत. एका बागेतील झाडांना पाणी, माती आणि मशागत सारखीच मिळते, म्हणून ही 120 झाडे म्हणजे 120 स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. तसे धरले, तर निष्कर्ष वाजवीपेक्षा जास्त खात्रीचा दिसतो. शिवाय 80 पैकी 20 फळे गळाली काय किंवा 800 पैकी 200 गळाली काय, टक्केवारी 25 च येते, पण दुसऱ्या झाडाचा पुरावा कितीतरी भक्कम असतो. म्हणून टक्केवारी न मागता बाग क्रमांक, झाड क्रमांक, धरलेली फळे आणि गळलेली फळे असे चार रकाने मागा. एवढे वाचून कोणती फाईल उघडायची, हे त्यांना लगेच समजेल.

नीलिमा: आणि ‘योग्य ते श्रेय’?

प्रज्ञा: ‘योग्य’ कोण ठरवणार, हे त्यात गुलदस्त्यात राहते. संदर्भसूचीत विदासंचाची डीओआयसह नोंद करणे, ऋणनिर्देशात आभार मानणे आणि सहलेखक म्हणून नाव घालणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘श्रेय’ म्हटले की वाचणारा यातली कोणतीही एक समजू शकतो, आणि सहलेखकत्वाची अपेक्षा निर्माण झाली तर पुढे मन दुखावते. माझ्या मते पहिल्या दोन गोष्टींचे वचन द्यावे आणि तिसरी चर्चेसाठी मोकळी ठेवावी.

विनायकराव: मला हे पटत नाही. दोन-तीन उन्हाळे बागांमध्ये फिरून ज्यांनी फळे मोजली, त्यांचे नाव सूचीत बसवून मोकळे होणे मराठी मनाला कोरडे वाटते.

प्रज्ञा: भावना रास्त आहे, पण वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीसुद्धा केवळ नोंदी गोळा करणे लेखकत्वाला पुरेसे मानत नाही. लेखनात सहभाग आणि अंतिम मसुद्याची जबाबदारीही लागते. ते त्यांना हवे आहे का, हे विचारता येईल.

नीलिमा: सुधारलेला मसुदा असा आहे:

“आपण प्रसिद्ध केलेल्या विदासंचामागील झाडनिहाय नोंदी (बाग क्रमांक, झाड क्रमांक, धरलेली व गळलेली फळे) पाठवाव्यात, ही विनंती. एकाच बागेतील झाडांमधील साम्य लक्षात घेऊन फळगळीचे पुनर्विश्लेषण करणे, एवढाच त्यांचा उपयोग असेल. नोंदी मी इतर कोणालाही देणार नाही. संदर्भसूचीत आपल्या विदासंचाची डीओआयसह नोंद आणि ऋणनिर्देशात आपला उल्लेख असेल. लेखनात सहभागी होण्याची आपली इच्छा असल्यास अवश्य कळवावे. निष्कर्ष आपल्यापेक्षा वेगळे आले, तर प्रसिद्धीपूर्वी ते आपल्याला दाखवीन.”

सचिन: शेवटचे वाक्य तुम्ही स्वतःहून घातले, हे फार बरे झाले. माझे ‘सौजन्य’ मी मागे घेतो.

विनायकराव: एक हट्ट मात्र राहतो. ‘विदा’ला विभक्ती लावताना ‘विद्याचे’ म्हटले तर विद्या आठवते आणि ‘विदाचे’ म्हटले तर कान अडखळतो. मी ‘आधारसामग्री’ लिहिले असते.

नीलिमा: म्हणूनच मी सगळीकडे ‘विदासंच’ लिहिले आहे, त्याचे ‘विदासंचाचे’ सहज होते. ‘आधारसामग्री’ म्हटले, तर छायाचित्रे आणि मुलाखतीही त्यात येतील, आणि मला फक्त चार रकाने हवे आहेत.

विनायकराव: तुमच्या ईमेलपुरते मान्य आहे, पण नुसत्या ‘विदा’चे सामान्यरूप काय करायचे, ते अजून कोणी सांगितलेले नाही.