मदत हवी आहे: आईच्या कार्डिओग्राममध्ये क्यूटीसी 488 आले आहे, नैराश्याची गोळी बंद करावी का?

मीनल_कोथरूड

माझ्या आईचे वय 68 आहे. नैराश्यासाठी तिला एसिटॅलोप्राम सुरू असून दिवाळीनंतर डोस 10 वरून 20 मिलीग्रॅम केला, आणि तेव्हापासूनच ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहू लागली, भिशीला जाऊ लागली. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी आहे. गेल्या आठवड्यात तिला जुलाब आणि मळमळ सुरू झाली, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी ऑनडॅनसेट्रॉन दिले. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल ती आधीपासूनच बऱ्याच महिन्यांपासून रोज सकाळी घेते.

अशक्तपणा फार वाटतो म्हणून काल जवळच्या लॅबमध्ये कार्डिओग्राम काढला. पट्टीवर वरच्या कोपऱ्यात पुढील आकडे छापले आहेत आणि खाली यंत्रानेच `Prolonged QT` असे लिहिले आहे.

```
HR      96 bpm
QRS     88 ms
QT/QTc  386/488 ms
```

मनोविकारतज्ज्ञांची वेळ सोमवारची आहे. तोपर्यंत एसिटॅलोप्राम द्यावे की थांबवावे, आणि हा आकडा किती गंभीर आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मागच्या वेळी गोळी दोन दिवस चुकली होती तेव्हा तिला चक्कर, रडू आणि अस्वस्थता यांनी हैराण केले होते, त्यामुळे सरसकट बंद करण्याची मला भीती वाटते.

विश्वासकाका_सहकारनगर

मीनल, कार्डिओग्राम बिघडला असेल तर वेळ न घालवता ट्रेडमिल चाचणी आणि टूडी एको करून घ्या. माझा कार्डिओग्राम अगदी नॉर्मल होता, तरीही अँजिओग्राफीत दोन ब्लॉक सापडले. या वयात अशक्तपणा हे हृदयाचेच लक्षण धरून चालावे.

शनिवारपेठ_फार्मा

काका, हा प्रश्न ब्लॉकेजचा नाही. क्यूटी म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्यास लागणारा वेळ आहे आणि तो लांबला की ठोक्यांची लय घातक रीतीने बिघडू शकते.

मीनलताई, मी औषधविक्रीच्या व्यवसायात आहे. 2011 मध्ये अमेरिकेत सिटॅलोप्रामबाबत आणि ब्रिटनमध्ये सिटॅलोप्राम व एसिटॅलोप्राम या दोन्हींबाबत इशारे निघाले. ब्रिटनमध्ये 65 वर्षांवरील रुग्णांसाठी एसिटॅलोप्रामची कमाल मात्रा 10 मिलीग्रॅम केली गेली, म्हणजे तुमच्या आई त्या मर्यादेच्या दुप्पट मात्रेवर आहेत. दोषी तीच गोळी आहे, ती आज रात्रीपासूनच बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉ_अनुराधा_औंध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रुग्ण न तपासता उपचार सांगता येत नाहीत, परंतु सोमवारच्या आधी काय करावे आणि डॉक्टरांना काय विचारावे ते सांगते.

मात्रेच्या मर्यादेबद्दल शनिवारपेठ यांनी लिहिले ते बरोबर आहे, मात्र गोळी एकाएकी तोडण्याचा सल्ला मला मान्य नाही. त्याचे कारण पट्टीवरच आहे. ठोके जलद असले की मूळ क्यूटी आपोआप आखूड होतो, म्हणून तो ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त करावा लागतो; तो दुरुस्त आकडा म्हणजे क्यूटीसी. बहुतेक यंत्रे त्यासाठी बाझेटचे सूत्र वापरतात आणि ते सूत्र ठोके 90 च्या पुढे गेले की आकडा फुगवून दाखवते. आईंचे ठोके 96 आहेत, म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतर 60 भागिले 96, अर्थात 0.625 सेकंद. तेच 386 आता दोन सूत्रांनी पाहा.

```
Bazett:      386 / √0.625 = 488
Fridericia:  386 / ∛0.625 = 451
```

स्त्रियांमध्ये साधारण 460 ते 470 पर्यंतचा क्यूटीसी आम्ही स्वीकारार्ह धरतो, पुरुषांमध्ये ही सीमा त्याहून थोडी खाली असते. म्हणजे फ्रेडरिशियाच्या सूत्राने आईंचा आकडा सीमेच्या आतच राहतो. क्यूआरएस 88 म्हणजे अरुंद आहे, त्यामुळे बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विद्युतमार्गातील अडथळा, यामुळे क्यूटी खोटा लांब दिसण्याची शक्यताही इथे नाही. तरीही यंत्राने टी लहरीचा शेवट, जिथे क्यूटी संपतो, नेमका कुठे धरला आहे ते डॉक्टरांनी लीड-2 मध्ये किंवा व्ही-5 मध्ये स्वतः मोजून पाहिले पाहिजे, कारण टी लहर चपटी असली की यंत्र हमखास चुकते. पोटॅशियम कमी असताना ती चपटी होते आणि तिच्यामागे यू लहर येते; त्या दोन्ही एकत्र मोजल्या गेल्या तर आकडा आणखी बिघडतो.

मला खरी काळजी त्या आकड्यापेक्षा आईंच्या शरीरात एकाच वेळी काय काय साठले आहे याची वाटते. वय, स्त्री असणे, एसिटॅलोप्राम 20, डोमपेरिडोन, ऑनडॅनसेट्रॉन, आणि त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइड व जुलाब ही पोटॅशियम घालवणारी जोडी. घातक लय बहुधा अशा बेरजेतून येते, एकट्या गोळीतून क्वचितच. म्हणून आजच पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन तपासा. सोडियम यासाठी की थायझाइड आणि एसिटॅलोप्राम ही दोन्ही औषधे वयस्कर स्त्रियांमध्ये ते खाली आणतात आणि अशक्तपणाचे कारण तेही असू शकते. फॅमिली डॉक्टरांना आजच फोन करून ऑनडॅनसेट्रॉन आणि डोमपेरिडोन थांबवायचे का, हे विचारा. माझ्या मते थांबवावे, कारण या दोन्हींना पर्याय आहेत आणि दोन्ही एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातात. पित्तासाठी साधे पॅन्टोप्राझोल पुरेल. कुणी ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल सुचवले तर मात्र एसिटॅलोप्राम सुरू असल्याचे सांगा, कारण त्यांच्यामुळे एसिटॅलोप्रामची रक्तातील पातळी वाढते.

आई कधी अचानक, पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध पडल्या आहेत का? कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे का? तसे काही असेल, छातीत जोरात धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा झटका आल्यासारखे झाले असेल, तर सोमवारची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जा.

मीनल_कोथरूड

डॉक्टर, मनापासून आभार. ती बेशुद्ध कधीच पडलेली नाही आणि कुटुंबात तसा इतिहास नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला: पोटॅशियम 3.1, सोडियम 133, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी डोमपेरिडोन व ऑनडॅनसेट्रॉन लगेच थांबवले, रक्तदाबाच्या गोळीतला थायझाइडचा भाग काढून नुसते टेल्मिसार्टन ठेवले आणि पोटॅशियमचे सिरप दिले. शहाळ्याचे पाणी आणि केळी भरपूर द्यावीत का?

डॉ_अनुराधा_औंध

आहारात ते चालेल, पण 3.1 वर नुसत्या शहाळ्याने भागणार नाही, सिरपच घ्यावे लागेल. क्यूटीच्या दृष्टीने आम्ही पोटॅशियम 4 च्या वर ठेवू पाहतो. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: टेल्मिसार्टन स्वतःच पोटॅशियम वाढवते, म्हणून सिरप किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्या आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्त तपासा. पातळी फार वर जाणेही हृदयाला तितकेच धोक्याचे आहे. पोटॅशियम सुधारून ठोके शांत झाल्यावर कार्डिओग्राम पुन्हा काढा, शक्यतो पंधरा मिनिटे झोपून राहिल्यानंतर.

सुप्रिया_हडपसर

थोडे अवांतर होत असेल तर क्षमस्व. माझा भाऊ 31 वर्षांचा आहे, स्किझोफ्रेनियासाठी ओलान्झापिन घेतो आणि आता डॉक्टर हॅलोपेरिडॉल जोडायचे म्हणत आहेत. कार्डिओग्रामबद्दल ते काही बोलले नाहीत. आमचे एक मामा चौतिसाव्या वर्षी झोपेतच गेले होते. भावाला काहीच त्रास नाही, तरीही विचारावे का?

डॉ_अनुराधा_औंध

सुप्रिया, मामांची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. जन्मतः क्यूटी लांब असणारी घराणी असतात आणि अशा घरात हॅलोपेरिडॉल सुरू करण्याआधी कार्डिओग्राम पाहणे मी टाळणार नाही. आधीची पट्टी हाती असली की तुलना करता येते: औषधानंतर क्यूटीसी 60 मिलीसेकंदांनी वाढला, तर तो 500 च्या खाली असला तरी आम्ही सावध होतो.

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पातळी स्थिर झाली की पुन्हा पाहावे, आणि त्यानंतर क्यूटी लांबवणारे दुसरे औषध जोडले गेले की प्रत्येक वेळी. हे दुसरे औषध पुष्कळदा मनोविकाराचे नसते. घसा धरला म्हणून अझिथ्रोमायसिन, मळमळ म्हणून डोमपेरिडोन असे ते घरात येते आणि ते लिहून देणाऱ्याला पहिल्या औषधाची कल्पनाही नसते.

शनिवारपेठ_फार्मा

एक शंका आहे. मग नैराश्याची गोळी सुरू करणाऱ्या प्रत्येकाचा कार्डिओग्राम का काढत नाहीत? आमच्या दुकानात एसिटॅलोप्राम 10 च्या चिठ्ठ्या रोज येतात, पण आधी तपासणी झालेली क्वचितच दिसते.

डॉ_अनुराधा_औंध

यावर आमच्यातच एकमत नाही. तरुण, निरोगी आणि इतर औषधे नसलेल्या रुग्णाला 10 मिलीग्रॅमसाठी मी कार्डिओग्राम सांगत नाही. माझे काही सहकारी सर्वांनाच सांगतात. जिथे 96 ठोक्यांवर यंत्राने 488 छापले की घाबरून चांगले लागू पडलेले औषध तोडले जाते, तिथे सर्वांची तपासणी नुकसानही करते. परंतु साठीपुढचे वय, हृदयविकार, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा क्यूटी लांबवणारे दुसरे औषध असेल तर मी थांबून आधी पट्टी पाहते. आणि फ्रेडरिशियाने मोजूनही 500 च्या वर असेल तर तिथे मतभेद नाहीत: संशयित औषध थांबवायचे, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढायचे आणि त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पाठवायचे.

मीनल_कोथरूड

पुढची माहिती देते. पोटॅशियम आता 4.2 आहे, जुलाब थांबले आहेत. नव्या पट्टीवर ठोके 74 आणि `QT/QTc 404/449` आहे. डॉक्टरांच्या पद्धतीने मी फ्रेडरिशियाने काढून पाहिले तर 433 येते. आई फिरायला जाऊ लागली आहे.

मनोविकारतज्ज्ञांनी आकडा समाधानकारक आहे असे सांगितले, पण वय पाहता 20 वर कायम ठेवणार नाही, आधी 15 आणि मग 10 करू, नैराश्य उलटले तर सर्ट्रालिनकडे वळू, असे त्यांचे मत आहे. हृदयरोगतज्ज्ञ मात्र म्हणाले की बाकीची कारणे दूर झाल्यावर या आकड्यासाठी लागू पडलेली मात्रा हलवण्याची त्यांना गरज वाटत नाही. आईला स्वतःला 20 वरच राहायचे आहे. अशा वेळी कुणाचे ऐकावे?

डॉ_अनुराधा_औंध

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. हृदयरोगतज्ज्ञ आजची पट्टी पाहत आहेत, तर तुमच्या मनोविकारतज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे पुढच्या पावसाळ्यातले जुलाब आहेत. मी स्वतः 15 करून दोन आठवड्यांनी कार्डिओग्राम आणि मनःस्थिती दोन्ही पाहिली असती, कारण इतक्या कमी बदलाने आईंना परत ढासळवण्याचा धोका लहान आहे. आईंनी नकार दिला तर निदान लेखी नोंद करून 20 वर ठेवता येईल, मात्र मग प्रत्येक नव्या औषधाआधी तुमच्या डॉक्टरांना विचारण्याची शिस्त पाळावी लागेल. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा.

मीनल_कोथरूड

सांगते. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर एसिटॅलोप्राम, डोमपेरिडोन आणि ऑनडॅनसेट्रॉन ही नावे लाल शाईने लिहून ठेवली आहेत. अझिथ्रोमायसिनही त्यातच जोडते.